जाहिरातीतील ग्राहक-अभिप्राय

जाहिरातीतील ग्राहक-अभिप्राय म्हणजे एखादी वस्तू किंवा सेवा वापरलेल्या व्यक्तीचे मत, अनुभव अथवा तिने दिलेले तारांकित मानांकन (रेटिंग) विक्रेत्याने आपल्या जाहिरातीच्या मजकुरात वापरणे होय. इतर अनेकांनी एखादी गोष्ट स्वीकारली आहे असे दिसले की नवा ग्राहकही ती स्वीकारण्याकडे झुकतो. या प्रवृत्तीला ‘सामाजिक पुरावा’ असे म्हणतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सियाल्डिनी यांच्या १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इन्फ्लुअन्स’ या ग्रंथामुळे ही संज्ञा विक्री व जाहिरातीच्या क्षेत्रात रूढ झाली.

ग्राहकाने स्वतःहून व्यक्त केलेले मत हे त्याचे वैयक्तिक मत असते. तेच मत विक्रेत्याने निवडून जाहिरातीत छापले की कायद्याच्या दृष्टीने तो विक्रेत्याचा दावा ठरतो. त्यामुळे अभिप्राय खरा असणे पुरेसे नसते. त्यातून वाचकाच्या मनात जो समज निर्माण होतो तोही खरा असावा लागतो. भारतात या विषयाचे नियमन मुख्यत्वे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आणि त्याखालील २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार होते.

## स्वरूप

जाहिरातीत ग्राहकांची मते साधारणपणे तीन रूपांत येतात. पहिले रूप अनुभवकथनाचे असते. त्यात ग्राहकाचे नाव, कधी छायाचित्र आणि त्याच्या शब्दांतील एक-दोन वाक्ये असतात. दुसरे रूप खरेदीच्या संकेतस्थळावरून उचललेल्या परीक्षणाचे, म्हणजे रिव्ह्यूचे असते. तिसरे रूप आकड्यांचे असते, उदाहरणार्थ ‘५ पैकी ४.२ तारे’ किंवा ‘१० पैकी ९ ग्राहकांची पसंती’.

भारतीय कायद्यात या तिन्हींसाठी स्वतंत्र व्याख्या नाहीत. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(१८) मध्ये जाहिरातीच्या संदर्भात ‘पुष्टी’ अथवा ‘समर्थन’ या अर्थाची व्यापक व्याख्या दिली आहे. जो संदेश, तोंडी विधान किंवा प्रात्यक्षिक पाहून ते एखाद्या व्यक्तीचे मत, निष्कर्ष किंवा अनुभव आहे असे ग्राहकाला वाटते, ते सर्व या व्याख्येत येते. व्यक्तीचे नाव, सही वा छबी तसेच संस्थेचे नाव किंवा शिक्काही तीत समाविष्ट आहे. म्हणूनच चित्रपट कलावंताने केलेली शिफारस आणि एखाद्या गृहिणीच्या नावाने छापलेले दोन ओळींचे मत या दोहोंना हेच मूळ नियम लागू होतात.

## भारतातील नियमन

भारतीय जाहिरात मानक परिषद (ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया) ही जाहिरात व्यवसायाची स्वनियामक संस्था १९८५ साली मुंबईत स्थापन झाली. पडताळता येण्याजोग्या तथ्याविषयीचे प्रत्येक विधान सिद्ध करता आले पाहिजे, हा तिच्या आचारसंहितेचा पाया आहे. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधील तरतुदीमुळे दूरचित्रवाणीवरील जाहिरातींच्या बाबतीत या संहितेला कायद्याचा आधार मिळालेला आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० मध्ये अमलात आला आणि त्यानुसार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. वस्तूचे खोटे वर्णन करणारी किंवा खोटी हमी देणारी जाहिरात या कायद्यानुसार दिशाभूल करणारी असते. त्याचप्रमाणे महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणारी जाहिरातही दिशाभूल करणारी ठरते. कलम २१ नुसार प्राधिकरण अशी जाहिरात थांबवण्याचा किंवा बदलण्याचा आदेश देऊ शकते. ते उत्पादकाला किंवा पुष्टी देणाऱ्याला १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा उल्लंघन झाल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. पुष्टी देणाऱ्या व्यक्तीने विधानांची खातरजमा पुरेशा काळजीने केली असेल, तर तिला या दंडापासून संरक्षण मिळते.

९ जून २०२२ रोजी प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतची मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यांतील तेरावे तत्त्व ग्राहक-अभिप्रायाशी थेट संबंधित आहे. त्यानुसार जाहिरातीतील पुष्टी ही संबंधित व्यक्तीचे प्रामाणिक आणि वाजवी प्रमाणात अलीकडचे मत असावे लागते. ते मत त्या वस्तूच्या पुरेशा माहितीवर किंवा प्रत्यक्ष अनुभवावर आधारलेले असावे लागते आणि ते अन्य कोणत्याही प्रकारे फसवे असता कामा नये. चौदावे तत्त्व पुष्टी देणारा आणि विक्रेता यांच्यातील संबंध उघड करण्याविषयी आहे.

## मत आणि तथ्य

अभिप्राय वापरण्यापूर्वी त्यातील मत आणि तथ्य वेगळे करणे ही पडताळणीची पहिली पायरी असते. ‘मला रंग आवडला’ किंवा ‘दुकानातली माणसे नीट बोलतात’ ही मते आहेत. ती प्रामाणिक असली आणि बोलणाऱ्याने अनुभव घेतलेला असला की पुरे असते. ‘विजेचे बिल निम्म्यावर आले’ किंवा ‘तीन आठवड्यांत डाग गेले’ ही विधाने मात्र मोजता येणारी आहेत. अशी विधाने ग्राहकाच्या तोंडी घातली असली तरी त्यांच्या पुराव्याची जबाबदारी जाहिरातदारावरच राहते.

येथे एक गैरसमज वारंवार आढळतो. ग्राहकाने लिहून दिलेले पत्र हाच आपल्या दाव्याचा पुरावा आहे, असे विक्रेते मानतात. ते पत्र केवळ एवढेच सिद्ध करते की ग्राहकाने तसे म्हटले होते. वस्तूमध्ये खरोखर तो गुण आहे, हे त्यावरून सिद्ध होत नाही. त्यासाठी चाचणी, मोजमाप किंवा पुरेशा संख्येच्या ग्राहकांची पद्धतशीर पाहणी लागते. ब्रिटनमधील जाहिरात संहितेतही या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या आहेत. अभिप्राय अस्सल असल्याचा लेखी पुरावा आणि तो देणाऱ्याचा संपर्क तपशील जाहिरातदाराकडे असावा लागतो. शिवाय त्या अभिप्रायातील तथ्यात्मक दावे दिशाभूल करणारे नसावेत, अशी वेगळी अट असते.

मत आणि तथ्य यांखेरीज तिसरा प्रश्न प्रातिनिधिकतेचा असतो. एखाद्याला मिळालेला परिणाम खरा असला, तरी तो बहुतेकांना मिळणारा नसेल. जाहिरात वाचणारा मात्र ‘मलाही असेच मिळेल’ असे समजतो. दिशाभूल झाली की नाही हे या समजावरून ठरते.

## एक उदाहरण : घरघंटी

हा फरक स्पष्ट करण्यासाठी घरगुती पिठाच्या गिरणीचे, म्हणजे घरघंटीचे एक काल्पनिक उदाहरण घेता येते. एका उत्पादकाला सातारा जिल्ह्यातील एका ग्राहक महिलेकडून पुढील अभिप्राय मिळाला असे मानू :

> मशीन घेऊन सव्वा वर्ष झालं. आवाज जरा जास्तच आहे, दुपारी लावली की शेजारी कुरकुर करतात. पण पीठ एकदम बारीक येतं आणि वर्षभरात माझे पैसे वसूल झाले.

जाहिरातीच्या मजकुरात याचे पुढील रूप झाले : “पीठ एकदम बारीक येतं आणि वर्षभरात माझे पैसे वसूल झाले!” त्याखाली ‘समाधानी ग्राहक, सातारा’ असे लिहिले गेले. प्रत्येक शब्द ग्राहकाचाच आहे आणि ती खोटेही बोललेली नाही. तरीही ही जाहिरात नियमांत बसेल का, हे तपासावे लागते.

‘पीठ एकदम बारीक येतं’ हे मत आहे. पिठाचा बारीकपणा यंत्रात कोणती जाळी बसवली आहे यावर अवलंबून असतो आणि ग्राहकाला तो समाधानकारक वाटला, एवढेच या वाक्यातून कळते. ‘चक्कीपेक्षा बारीक’ असे ती म्हणाली असती, तर ती तुलना ठरली असती आणि दोन्ही पिठे चाळून केलेली चाचणी उत्पादकाकडे असावी लागली असती.

‘वर्षभरात पैसे वसूल’ हे विधान मात्र हिशेबाचे आहे. यंत्राची किंमत १४,००० रुपये, चक्कीवरील दळणाचा दर किलोला ६ रुपये, यंत्राचा वेग तासाला ७ किलो, तासाला वीज १ युनिट आणि युनिटचा दर ८ रुपये धरू. घरी दळल्यास किलोमागे सुमारे १ रुपया १५ पैसे विजेला लागतात, म्हणजे किलोमागे ४ रुपये ८५ पैसे वाचतात. १४,००० रुपये वसूल होण्यासाठी सुमारे २,८९० किलो दळण व्हावे लागेल. ते एका वर्षात व्हायचे तर रोज जवळजवळ ८ किलो धान्य दळावे लागेल.

महिन्याला २० किलो दळण लागणाऱ्या कुटुंबाचे वर्षाचे दळण २४० किलो होते आणि बचत सुमारे १,१६४ रुपये होते. त्या कुटुंबाला यंत्राची किंमत भरून निघण्यास सुमारे १२ वर्षे लागतील. अधिक चौकशी केल्यावर असे कळले की अभिप्राय देणारी महिला भाजणी आणि थालीपिठाची पिठे तयार करून विकते. रोज ८ किलो दळण तिच्यासाठी सामान्य आहे. तिचे वाक्य तिच्यापुरते खरे आहे, पण जाहिरातीचा वाचक हा बहुतांशी घरगुती वापर करणारा आहे. त्याच्यासाठी त्याच वाक्याचा अर्थ बारा पटींनी चुकीचा ठरतो.

या अडचणीतून दोन मार्ग निघतात. पहिला मार्ग संदर्भ देण्याचा आहे. वाक्याला लागूनच, तेवढ्याच ठळक अक्षरांत, ‘घरगुती पीठविक्रीचा व्यवसाय, रोज सुमारे ८ किलो दळण’ असे लिहिले की वाचक स्वतःची तुलना योग्य माणसाशी करू शकतो. अशा रूपात हा अभिप्राय लघुउद्योजकांसाठीच्या जाहिरातीत उपयोगी पडतो. दुसरा मार्ग वाक्य बदलण्याचा नसून अभिप्राय बदलण्याचा आहे. घरगुती ग्राहकांच्या परीक्षणांत बचतीपेक्षा सोयीचा उल्लेख अधिक असेल, उदाहरणार्थ ‘अचानक पाहुणे आले तरी पीठ संपल्याची चिंता नाही’, तर तो अनुभव बहुतेक ग्राहकांना खरोखर येणारा आहे. त्यामुळे त्यावर वेगळा खुलासा जोडावा लागत नाही.

आवाजाविषयीचे वाक्य गाळण्याचा प्रश्न स्वतंत्र आहे. लांबीसाठी मजकूर कापणे निषिद्ध नाही. मात्र कापल्यामुळे एकूण मताचा कल बदलत असेल किंवा खरेदीच्या निर्णयावर परिणाम करणारी माहिती नाहीशी होत असेल, तर ते माहिती दडवण्यात मोडू शकते. सदनिकेत राहणाऱ्यासाठी आवाज ही अशी माहिती आहे. त्याच जाहिरातीत उत्पादकाने ‘शांत चालणारी’ असा दावा स्वतःच्या शब्दांत केला असेल, तर आवाजाची तक्रार गाळलेला अभिप्राय त्याच्या विरोधातील पुरावाच ठरतो.

## निवड आणि मानांकन

मानांकनाच्या आकड्यात दिशाभूल बहुधा बेरजेत होत नाही, तर निवडीत होते. वरील उत्पादकाला एकूण १८४ परीक्षणे मिळाली असे समजू. त्यांपैकी ९६ जणांनी पाच तारे, ५२ जणांनी चार, २० जणांनी तीन, ६ जणांनी दोन आणि १० जणांनी एक तारा दिला. या सर्वांची सरासरी ४.२ येते. तीन व त्याहून कमी ताऱ्यांची परीक्षणे बाजूला ठेवली, तर १४८ परीक्षणे उरतात आणि सरासरी ४.६ होते. दोन्ही बेरजा गणिती दृष्टीने अचूक आहेत. परंतु ‘ग्राहकांचे मानांकन ४.६’ हे विधान खोटे आहे, कारण ते ग्राहकांचे नसून समाधानी ग्राहकांचे मानांकन आहे.

अमेरिकेत या प्रकारचे एक गाजलेले प्रकरण फॅशन नोव्हा या कपडेविक्रेत्या कंपनीचे आहे. चारपेक्षा कमी ताऱ्यांची परीक्षणे संकेतस्थळावर येऊ दिली नाहीत, असा आरोप तेथील फेडरल ट्रेड कमिशनने तिच्यावर केला. २०२२ मध्ये ४२ लाख डॉलर भरण्याच्या अटीवर ते प्रकरण मिटले. त्यानंतर २०२४ मध्ये कमिशनने बनावट परीक्षणांविरुद्ध स्वतंत्र नियम केला आणि तो त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लागू झाला.

भारतात भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘आयएस १९००० : २०२२’ हे मानक प्रसिद्ध केले. परीक्षणे गोळा करणे, त्यांची छाननी करणे आणि ती प्रकाशित करणे या तीन टप्प्यांसाठी त्यात अपेक्षा मांडल्या आहेत. परीक्षण लिहिणाऱ्याची ओळख पडताळणे आणि अनुकूल-प्रतिकूल मतांना समान वागणूक देणे हा त्याचा गाभा आहे. हे मानक ऐच्छिक स्वरूपात लागू करण्यात आले. त्याआधीच, ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार विक्रेत्याने स्वतःला ग्राहक भासवून परीक्षणे लिहिण्यास मनाई करण्यात आली होती.

जाहिरातीत मानांकन देताना ते कोठून घेतले, किती परीक्षणांवर आधारलेले आहे आणि कोणत्या तारखेचे आहे, हे तीन तपशील सोबत दिल्यास आकड्याचा अर्थ स्पष्ट होतो. ‘४.२ तारे’ एवढ्याच मजकुरापेक्षा ‘१८४ परीक्षणांची सरासरी, ३१ मार्चअखेर’ हा मजकूर वाचकाला तपासता येतो. मानांकन बदलत राहते. म्हणून छापील माहितीपत्रकात तारीख नसेल तर काही महिन्यांनी तेच विधान असत्य होऊ शकते.

## संबंधांचे प्रकटीकरण

अभिप्राय देणारा आणि विक्रेता यांच्यात असा एखादा संबंध असेल की जो कळल्यास वाचक त्या मताला कमी वजन देईल, तर तो उघड करावा लागतो. मानधन हा त्याचा सर्वांत स्पष्ट प्रकार होय. मोफत मिळालेली वस्तू, सवलत, पुढील खरेदीवरील सूट, नोकरी किंवा नातेसंबंध यांचाही त्यात समावेश होतो. घरघंटीच्या उत्पादकाने परीक्षण लिहिणाऱ्यास ५०० रुपये परत देण्याची योजना चालवली असेल, तर त्या परीक्षणातील वाक्य जाहिरातीत घेताना तसा उल्लेख आवश्यक असतो.

येथे दोन गोष्टींत फरक केला जातो. ‘परीक्षण लिहा आणि ५०० रुपये मिळवा’ ही योजना उघड केली असता स्वीकारार्ह ठरू शकते. ‘पाच तारे द्या आणि ५०० रुपये मिळवा’ ही योजना मात्र उघड करूनही दुरुस्त होत नाही, कारण मिळालेले मत प्रामाणिक असल्याचा आधारच तीत नाहीसा होतो.

समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठी भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये आणि केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शन प्रसिद्ध केले. हे प्रकटीकरण सहज दिसेल अशा जागी आणि साध्या शब्दांत असावे, अशी अपेक्षा दोहोंत आहे. मराठी मजकुराच्या शेवटी इंग्रजी संक्षेपांच्या गर्दीत टाकलेला उल्लेख या अपेक्षेत बसत नाही.

## खुलाशाची मर्यादा

अतिशयोक्त अभिप्राय छापून खाली बारीक अक्षरांत ‘परिणाम व्यक्तीनुसार बदलू शकतात’ असे लिहिण्याची प्रथा जुनी आहे. अमेरिकेत १९८० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा वाक्याला बचाव म्हणून मान्यता होती. वाचक हा खुलासा वाचूनही अपवादात्मक परिणामच अपेक्षितो, असे अभ्यासांत आढळल्यानंतर फेडरल ट्रेड कमिशनने २००९ च्या सुधारणेत ही सूट काढून टाकली. तेव्हापासून जाहिरातीत असाधारण परिणाम दाखवल्यास सर्वसाधारण ग्राहकाला काय मिळते ते स्पष्टपणे सांगावे लागते.

भारतातील २०२२ च्या तत्त्वांतही खुलाशाला सीमा घातल्या आहेत. खुलासा दाव्याचा विस्तार करू शकतो किंवा त्यातील संदिग्धता दूर करू शकतो; तो दाव्याचे खंडन करू शकत नाही आणि महत्त्वाची माहिती दडवण्यासाठी वापरता येत नाही. दावा ज्या भाषेत आहे त्याच भाषेत खुलासा असावा लागतो. मराठी अभिप्रायाखाली इंग्रजी खुलासा देणे म्हणूनच अपुरे ठरते. ‘वर्षभरात पैसे वसूल’ या वाक्याखाली ‘सामान्य कुटुंबास १२ वर्षे लागतात’ असे लिहावे लागत असेल, तर तो खुलासा राहत नाही. मूळ वाक्य तेथे नको होते, याचीच ती कबुली असते.

## जेथे अभिप्राय चालत नाही

काही क्षेत्रांत दाव्यालाच मनाई असल्याने तो ग्राहकाच्या तोंडून वदवूनही भागत नाही. औषधे व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ च्या अनुसूचीत मधुमेह, कर्करोग, लठ्ठपणा, रक्तदाब आदी विकारांची यादी आहे. या विकारांचे निदान, उपचार किंवा प्रतिबंध करण्यासाठी एखादे औषध उपयुक्त असल्याचे सुचवणारी जाहिरात करता येत नाही. ‘या काढ्याने माझी साखर आटोक्यात आली’ हे एखाद्या रुग्णाचे प्रामाणिक वाक्य असू शकते. काढ्याच्या विक्रेत्याने ते जाहिरातीत छापले की ती जाहिरात या मनाईच्या कक्षेत येते. येथे पुरावा, संमती किंवा खुलासा यांपैकी कशानेही अडचण दूर होत नाही.

## शिकवणी वर्गांच्या जाहिराती

स्पर्धा परीक्षांच्या शिकवणी वर्गांच्या जाहिरातींत यशस्वी उमेदवारांची छायाचित्रे हाच मुख्य मजकूर असतो. दिल्लीप्रमाणेच पुण्यातही हा व्यवसाय मोठा आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२२ च्या नागरी सेवा परीक्षेत ९३३ उमेदवारांची शिफारस झाली. त्यांपैकी ६८२ जण आपले विद्यार्थी असल्याचा दावा दिल्लीतील एका संस्थेने केला. त्यांतील ६७४ जणांनी संस्थेच्या केवळ मोफत सराव मुलाखतीत भाग घेतला होता, असे प्राधिकरणाच्या चौकशीत आढळले. पूर्व आणि मुख्य परीक्षा हे उमेदवार आधीच उत्तीर्ण झालेले होते. प्राधिकरणाने संस्थेला ५ लाख रुपयांचा दंड केला.

या प्रकरणात नावे आणि छायाचित्रे खोटी नव्हती. संबंधही खरा होता, मात्र तो किती मोठा आहे हे दडवलेले होते. छायाचित्र पाहणारा विद्यार्थी संपूर्ण अभ्यासक्रमाचे शुल्क भरण्याचा विचार करत असतो, तर छायाचित्रातील उमेदवाराने मुलाखतीची एक-दोन सत्रे केलेली असतात. घरघंटीच्या उदाहरणातील दोष आणि हा दोष यांचे मूळ एकच आहे.

१३ नोव्हेंबर २०२४ रोजी प्राधिकरणाने शिकवणी क्षेत्रासाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. उमेदवाराचे नाव, छायाचित्र किंवा अभिप्राय वापरण्यासाठी त्याची लेखी संमती आवश्यक करण्यात आली आणि ती निवड झाल्यानंतरच घेतलेली असावी अशी अट घातली गेली. प्रवेशाच्या वेळी भरून घेतलेल्या अर्जातील सरसकट संमती त्यामुळे निरुपयोगी ठरली. छायाचित्राबरोबर उमेदवाराचा क्रमांक, त्याने घेतलेला अभ्यासक्रम, त्याचा कालावधी आणि तो सशुल्क होता की नाही, हेही द्यावे लागते.

## नोंदी

अभिप्रायावर आक्षेप आल्यास तो सिद्ध करण्याची जबाबदारी जाहिरातदारावर असते. त्यासाठी प्रत्येक अभिप्रायाची स्वतंत्र नोंद उपयोगी पडते. मूळ शब्दांतील संपूर्ण मजकूर, तो मिळाल्याची तारीख, खरेदीचे बिल, नाव व छायाचित्र वापरण्याची संमती, दिलेल्या मोबदल्याचा तपशील आणि जाहिरातीत छापलेले अंतिम रूप या बाबी तीत एकत्र ठेवल्या जातात. मोजता येणारे विधान असल्यास त्याची चाचणी किंवा हिशेबही सोबत असावा लागतो. भाषांतरित अभिप्रायाच्या बाबतीत मूळ आणि अनुवाद दोन्ही जपले जातात, कारण ‘बरे वाटले’ याचे भाषांतर ‘बरा झालो’ असे होताच मताचे रूपांतर उपचाराच्या दाव्यात होते.

वस्तूची रचना, घटक किंवा सेवेचे स्वरूप बदलल्यावर जुने अभिप्राय पुन्हा तपासावे लागतात. नव्या मोटरसह आलेल्या घरघंटीच्या जाहिरातीत जुन्या यंत्राविषयीचे मत छापल्यास ते मत ‘वाजवी प्रमाणात अलीकडचे’ राहत नाही आणि जाहिरातीत दाखवलेल्या वस्तूविषयीचेही राहत नाही.

## अंमलबजावणीतील अडचणी

परीक्षण बनावट आहे हे बाहेरून ओळखणे कठीण असते. एकाच दिवशी आलेली अनेक परीक्षणे, वेगवेगळ्या नावांखाली सारखीच वाक्यरचना किंवा वापराचा कोणताही तपशील नसलेली स्तुती ही संशयाची चिन्हे मानली जातात. ती निर्णायक नसतात. गटसंदेशांतून फिरणाऱ्या आणि स्थानिक भाषांतील जाहिराती नियामकांपर्यंत तक्रारीशिवाय क्वचितच पोहोचतात. याउलट, खऱ्या परंतु अप्रातिनिधिक अभिप्रायात बनावटपणाचे कोणतेही चिन्ह नसते. तो तपासण्यासाठी जाहिरातदाराकडील संपूर्ण नोंदी मागवाव्या लागतात. शिकवणी वर्गांच्या प्रकरणांतही दावा आणि वस्तुस्थिती यांतील अंतर संस्थांकडून विद्यार्थ्यांचे प्रवेश-तपशील मागवल्यानंतरच उघड झाले.